भाव कधीचा? ऑड्सचे फीड आणि स्क्रेपिंग
(जळगावात संगणक आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान, संपादित)

मित्रहो, विषय ऑड्सचे आकडे मिळवण्याच्या आणि वापरण्याच्या अटी-शर्तींचा आहे आणि तिथे मी येणारच आहे. पण त्याआधी माझ्या फार दिवस मनात असलेली एक गोष्ट मांडतो. ऑड्स म्हणजे पैजेच्या बाजारात एखाद्या निकालाला मिळणारा भाव, पण तो नुसता आकडा नाही. आकडा, वेळ आणि बाजाराची स्थिती मिळून एक नोंद होते. रावेरच्या केळीच्या भावाबद्दल इथला शेतकरी आधी विचारतो, "कधीचा भाव?" आकड्यांवर मॉडेल बांधणारी मुलं मात्र हे विचारत नाहीत.

एका विद्यार्थ्याचं उदाहरण सांगतो. त्याला टेनिसच्या सामन्यात ऑड्स कसे हलतात याचा अभ्यास करायचा होता. पैसे लावण्याचा प्रश्नच नव्हता. २०२५ च्या कायद्यानंतर आपल्याकडे पैशांचे ऑनलाइन खेळ चालवायला बंदी आहे, हे तुम्ही जाणताच. त्याने पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिला. दोन संकेतस्थळांची पानं दर काही सेकंदांनी उघडायची आणि आकडे उचलायचे, एवढंच त्याचं काम; यालाच स्क्रेपिंग म्हणतात. मग तो धावत आला, "सर, दोन्हीकडचे भाव जुळवले की खात्रीचा नफा दिसतोय!"

आपण हिशेब करू. सुरुवातीला दोन्ही स्थळांवर दोन्ही खेळाडूंना १.९० भाव. १ भागिले १.९० म्हणजे ५२.६ टक्के, दोघांचे मिळून १०५.३. शंभरावरचे हे ५.३ टक्के भाव देणाऱ्याचं मार्जिन. मग दुसऱ्या खेळाडूने पहिल्याची सर्व्हिस तोडली. एका स्थळावर भाव लगेच २.६० आणि १.५० झाले; बेरीज १०५.१, म्हणजे सगळं ठीक. दुसऱ्या स्थळाच्या पानावर अजून १.९० आणि १.९० च होते. आता पहिल्या खेळाडूचा २.६० आणि दुसऱ्याचा जुना १.९० घेतला, तर ३८.५ आणि ५२.६ मिळून ९१.१ टक्के. बेरीज शंभराच्या खाली आली, हाच त्याचा नफा! त्या १.९० ला प्रत्यक्षात तेव्हा कोणी सौदा घेतलाच नसता.

मी त्याला एवढंच सांगितलं, की असे सगळे क्षण वेळेनुसार मांड. ते जवळजवळ सगळे सर्व्हिस तुटल्यानंतर लगेचचे निघाले. मग आम्ही पानाबरोबर येणारे हेडर पाहिले. तिथे होतं:

```
Age: 45
```

म्हणजे ते पान मधल्या कॅशमध्ये, तात्पुरत्या साठ्यात, ४५ सेकंद पडून होतं. प्रोग्रामने मात्र 'आत्ता' अशी वेळ टाकली होती. त्याहून वाईट म्हणजे, बाजार थांबवला, म्हणजे सौदे घेणं बंद केलं, की पानावर जुना आकडा करड्या रंगात राहतो. माणसाला तो रंग दिसतो, प्रोग्रामला फक्त आकडा दिसतो. सगळ्यात घातक बिघाड हाच, कारण प्रोग्राम बंद पडत नाही आणि तक्ता भरत राहतो.

अधिकृत फीडमध्ये, म्हणजे भाव देणाऱ्यानेच प्रोग्रामसाठी सोडलेल्या आकड्यांच्या प्रवाहात, हे कसं येतं? बेटफेअर या ऑनलाइन पैजांच्या बाजाराच्या स्ट्रीमचं उदाहरण घ्या. बाजारातल्या बदलाच्या प्रत्येक संदेशात `pt`, म्हणजे प्रसिद्ध झाल्याची वेळ मिलिसेकंदात असते. बाजार थांबला की `"status":"SUSPENDED"` येतं. काही हललं नाही तरी मधूनमधून `HEARTBEAT` येतो, म्हणून भाव शांत आहे की तार तुटली आहे हे वेगळं ओळखता येतं. स्क्रेपिंगमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. पण फीडचीही परीक्षा घ्या. चाचणीसाठी मिळणारी 'डिलेड' की, म्हणजे फीड उघडायची चावी, मुद्दाम उशिरा आकडे देते. तिच्यावर सर्व्हिस तुटल्यानंतरचा अभ्यास होणार नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा अटींबद्दल भरभर सांगतो. प्रोग्रामांनी कुठली पानं उघडू नयेत हे संकेतस्थळ ज्या फाइलमध्ये सांगतं, त्या `robots.txt` मध्ये मनाई नाही म्हणजे परवानगी आहे असं समजू नका. या फाइलचं मानक ठरवणाऱ्या २०२२ च्या आरएफसी ९३०९ मध्येच स्पष्ट लिहिलं आहे की हे नियम प्रवेशाचा अधिकार देत नाहीत. युरोपीय न्यायालयाने २०१५ च्या रायनएअर प्रकरणात म्हटलं, की डेटाबेसला कायद्याचं खास संरक्षण नसलं तरी करारातल्या अटी वापरावर बंधन घालू शकतात. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय डेटा उतरवून घेण्याबद्दल बोलतं. तेव्हा 'मी स्वीकारतो' वर टिचकी मारण्याआधी ते पान वाचा. लॉगिनच्या आतलं पान उचलणं मी तुम्हाला सुचवणार नाही.

फीड विकत घेतलं तरी अटी सुटत नाहीत. आकडे किती दिवस साठवायचे, आलेख प्रसिद्ध करायचा का, दुसऱ्याला फाइल द्यायची का, हे तीन प्रश्न लेखी विचारा. तुमच्या अभ्यासाला थेट भाव लागतच नसतील, तर संशोधनासाठी परवाना असलेला जुना डेटा घ्या. त्यातही आधी वेळेचा आणि स्थितीचा रकाना आहे का बघा. नसेल तर तो डेटा सामन्यादरम्यानच्या हालचालींसाठी घेऊ नका.