लुक ठेवायचा, इमारत विसरायची

(पडद्यावर: चार रेंडर, एकामागून एक)

हे चारही रेंडर, म्हणजे इमारतींची संगणकावर केलेली चित्रं, एकाच आर्किटेक्टच्या ऑफिसमधले आहेत, हे कुणी सांगायला नको. ढगाळ आभाळ, संध्याकाळकडे झुकलेला उजेड, थोडा दबलेला हिरवा रंग, ओली फरशी आणि पाठमोरी माणसं. इमारती मात्र चार वेगवेगळ्या.

(पडद्यावर: पाचवा रेंडर. कॅमेरा दर्शनी भिंतीवर सरकतो)

हा पाचवा रेंडर त्याच ऑफिसच्या नव्या वाचनालयाचा. तो इमेज मॉडेलकडून काढून घेतलाय, ऑफिसच्या जुन्या रेंडरवर शिकवलेल्या लोराच्या, म्हणजे मॉडेलला जोडायच्या एका छोट्या फाइलच्या, मदतीने. उजेड जमलाय, आभाळही जमलंय. पण दर्शनी भिंतीवर या उभ्या लाकडी पट्ट्या कुठून आल्या? ड्रॉइंगमध्ये भिंत सपाट विटांची आहे. पट्ट्या आहेत त्या याच ऑफिसने पूर्वी केलेल्या एका शाळेच्या.

हे ऑफिस उदाहरणापुरतं कल्पिलेलं आहे, पण लोरा शिकवणाऱ्या बहुतेकांना या पट्ट्या या ना त्या रूपात भेटतातच.

लोरा ही पद्धत 2021 साली मायक्रोसॉफ्टमधल्या संशोधकांनी मांडली, तीही भाषेच्या मॉडेलसाठी. चित्रांकडे ती नंतर आली. यात मूळ मॉडेलला हात लावायचा नाही. त्याच्या आत आकड्यांचे मोठमोठे तक्ते असतात, त्यांना दोन अरुंद तक्त्यांचा गुणाकार जोडायचा आणि शिकवायचे ते फक्त हे अरुंद तक्ते. 1280 बाय 1280 च्या एका तक्त्यात सोळा लाखांवर आकडे असतात. रँक, म्हणजे या अरुंद तक्त्यांची रुंदी, 16 ठेवली, तर शिकवायचे आकडे उरतात 40,960, म्हणजे अडीच टक्के. म्हणून हे काम एका बऱ्या ग्राफिक्स कार्डावर होतं आणि फाइलही छोटी निघते.

पण त्या अडीच टक्क्यांतही एक शाळा आरामात मावते.

(पडद्यावर: फोल्डर उघडतो. साठ रेंडरचे थंबनेल)

फोल्डरमध्ये साठ रेंडर आहेत. त्यातले चोवीस त्या शाळेचे, कारण ती स्पर्धेसाठी केली होती आणि स्पर्धेसाठी रेंडर भरपूर निघतात. ऑफिसचा लुक कोणता आणि शाळा कोणती, हे मॉडेलला कळायचा काही मार्ग नाही. जे वारंवार दिसतं, तेच त्याच्या लेखी लुक. साठात चोवीस वेळा दिसलेल्या लाकडी पट्ट्या त्याला ढगाळ आभाळाइतक्याच महत्त्वाच्या वाटल्या, तर तक्रार कुणाकडे करायची?

म्हणून पहिली कात्री फोल्डरला. एका इमारतीचे तीनपेक्षा जास्त रेंडर नकोत. संख्या घटली तरी चालेल. वीस इमारतींचे चाळीस रेंडर हे पाच इमारतींच्या शंभरांपेक्षा कधीही बरे. कमी पडले तर मोठ्या रेंडरमधून तुकडे कापायचे: नुसतं आभाळ आणि झाडांचे शेंडे, फरशीवर पडलेलं प्रतिबिंब, भिंतीच्या कोपऱ्यावरची सावली. अशा तुकड्यात उजेड आणि रंग पुरेपूर असतात, इमारत जवळजवळ नसते. चित्रं आडवी उलटवून संख्या वाढवायचा मोह मात्र आवरावा. ऑफिसचा उजेड नेहमी डावीकडून येत असेल, तर ती सवयही त्यात पुसली जाते.

आणि एक गंमत. झूम केलं की अकरा रेंडरमध्ये छत्री घेतलेली एकच बाई सापडते. कटआउटच्या जुन्या संग्रहातली. तिला ठेवलं, तर ती प्रत्येक नव्या इमारतीसमोर येऊन उभी राहील.

(पडद्यावर: एका रेंडरशेजारी त्याची टेक्स्ट फाइल)

दुसरं काम कॅप्शनचं. प्रत्येक चित्रासोबत त्याच नावाची टेक्स्ट फाइल असते. शाळेच्या एका रेंडरची अशी:

```
mvrlook, three storey school, brick walls,
vertical timber louvres, corner staircase,
paved forecourt, two people
```

पहिला शब्द अर्थहीन आहे, मुद्दाम. तो ट्रिगर, म्हणजे चित्र मागताना लुक बोलावणारा शब्द. पुढे इमारतीचं जे जे दिसतं ते सगळं लिहिलंय: मजले, विटा, लाकडी पट्ट्या, जिना. आणि काय लिहिलेलं नाही ते बघा. ढगाळ आभाळ नाही, संध्याकाळ नाही, दबलेला हिरवा नाही, फरशी ओली आहे हेही नाही. ज्याला नाव दिलं, ते त्या नावाला चिकटतं. नाव मागितलं नाही की सहसा येत नाही. ज्याला नाव दिलं नाही, ते ट्रिगरला चिकटतं. नेमका तोच भाग आपल्याला हवाय. आपोआप कॅप्शन लिहिणारी साधनं आभाळ आणि उजेड हमखास नोंदवतात, त्यामुळे त्यांचा मजकूर हाताने चाळावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या मते रँक आणि लर्निंग रेटवर डोकं फोडण्यापेक्षा इथे घालवलेली दुपार जास्त कामाला येते.

(पडद्यावर: चित्रांचा मोठा चौकट-तक्ता)

ट्रेनिंग चालू असताना प्रत्येक फेरीनंतरची फाइल जपून ठेवायची. मग एकच सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, धरून प्रत्येक फाइलकडून चित्रं काढायची, आणि विषय असे द्यायचे जे या ऑफिसने कधी केलेच नाहीत: दीपगृह, विमानाचा हँगर, गोठा. डावीकडे सुरुवातीच्या फेऱ्या. दीपगृह आहे, पण उजेड कुणाचाही. मध्ये दीपगृह आणि उजेड आपला. उजवीकडे, शेवटच्या फेऱ्यांत, दीपगृहाला कोपऱ्यात जिना फुटतो आणि बुंध्याला लाकडी पट्ट्या येतात. इथे मॉडेल पाठ करायला लागलं. फाइल मधलीच घ्यायची, शेवटची नाही. रँक 128 वर नेली तर हा जिना बराच आधी फुटू शकतो, कारण पाठ करायला जागा वाढते.

(पडद्यावर: नव्या वाचनालयाचं पांढरं थ्रीडी मॉडेल, मग त्याचा करडा डेप्थ मॅप)

खऱ्या प्रकल्पात आकार लोराकडे मागायचाच नाही. थ्रीडी मॉडेलमधून डेप्थ मॅप, म्हणजे कोणता भाग कॅमेऱ्यापासून किती दूर आहे ते करड्या छटांत दाखवणारं चित्र, काढायचा आणि तो इमेज मॉडेलला आकारात बांधून ठेवणाऱ्या कंट्रोलनेटला द्यायचा. भिंत कुठे संपते, खिडकी कुठे आहे, ते तिथून येतं. लोराचा जोर ठरवणारं वजन 0.7 च्या आसपास ठेवून पाहावं. वजन 1 वर नेलं की लोरा भिंतीचं साहित्यही बदलू बघतो. डेप्थ मॅपला सपाट भिंतीवरची वीट आणि दगड यांतला फरक कळत नाही, तेव्हा साहित्य प्रॉम्प्टमध्ये लिहावंच लागतं.

(पडद्यावर: नवं चित्र आणि त्याच्याशी सर्वांत जुळणारे तीन जुने रेंडर, चारही डेप्थ मॅपच्या रूपात)

नवं चित्र जुन्यासारखं झालंय का, हे रंगीत चित्रं शेजारी ठेवून ठरवणं फसवं असतं, कारण लुक एकच असल्यामुळे सगळीच सारखी वाटतात. म्हणून रंग आणि उजेड काढून टाकून फक्त डेप्थ मॅपची तुलना करायची. मोजपट्टी ऑफिसच्याच कामातून मिळते: दोन वेगळ्या जुन्या इमारतींचे डेप्थ मॅप एकमेकांशी किती जुळतात ते आधी मोजायचं. नवं चित्र एखाद्या जुन्याशी त्याहून जास्त जुळलं, तर ते बाजूला काढायचं. लाकडी पट्ट्यांसारख्या उथळ गोष्टी या तुलनेतून निसटतात. त्यासाठी शाळेच्या ड्रॉइंगवर बसलेला माणूस बोलवावा. त्याला त्या पट्ट्या झोपेतही ओळखता येतील.