सहा शब्द आठवले, मग?

एक रचलेलं उदाहरण घेऊ. आकडे हिशोब सोपा व्हावा म्हणून निवडलेत. परळचे एक निवृत्त गिरणी कामगार. वय 66, शिक्षण चौथीपर्यंत. स्मृतीच्या चाचणीत पंधरा शब्दांची मराठी यादी त्यांना पाच वेळा वाचून दाखवली. अर्ध्या तासानं विचारलं, तर सहा शब्द आठवले. हा रॉ स्कोअर, म्हणजे कच्चे गुण. नुसत्या सहावरून काहीच कळत नाही.

तुलना करायला इतरांच्या गुणांचा तक्ता लागतो. हाताशी जो होता तो त्याच वयाच्या, पण पदवीधरांचा. त्यात सरासरी 9, आणि गुण किती पसरलेत ते सांगणारं प्रमाण विचलन 2.5. सहातून नऊ वजा केले, उणे तीन आले, त्याला 2.5 नं भागलं की झेड स्कोअर उणे 1.2, म्हणजे सरासरीच्या 1.2 विचलनं खाली. त्याला दहानं गुणून पन्नासात मिळवा: टी स्कोअर 38. पर्सेंटाइल साधारण 12, म्हणजे अशा शंभर माणसांतल्या बाराएक जणांचे गुण एवढे किंवा याहून कमी. घरच्यांना हा ‘12’ सांगताना जपा. ते लगेच टक्केवारी समजतात. टक्के काढले तर ते 40 आहेत!

आता कमी शिकलेल्यांचा तक्ता उघडू. सरासरी 7.5, विचलन तेच. झेड उणे 0.6, टी 44, पर्सेंटाइल 27. माणूस तोच, शब्द तेच सहा. पहिल्या तक्त्यानं ज्याच्यावर संशय घेतला, तो दुसऱ्यात चारचौघांसारखा. माझ्या मते अहवालात स्कोअरच्या आधी तक्ता कोणाचा ते लिहावं. पुष्कळदा ती ओळ नसतेच.

बरं, पहिलाच तक्ता धरला तरी ‘बिघाड’ म्हणायचं का? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या बॅटरीत, म्हणजे चाचण्यांच्या संचात, 15 व्या पर्सेंटाइलची रेघ वापरतात; तिथं 12 खाली जातो. काही जण झेड उणे 1.5 धरतात, म्हणजे सातव्या पर्सेंटाइलच्या आसपास. तिथं तो वर राहतो. रेघ आपणच आखलेली असते, मेंदूत ती नसते.

शिवाय आपण एकच चाचणी देत नाही. समजा दहा दिल्या, त्या एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या आणि प्रत्येकीला 16 वा पर्सेंटाइल ही रेघ लावली, तर धडधाकट माणूसही निदान एका चाचणीत रेघेखाली जाण्याची शक्यता सुमारे 82.5 टक्के निघते. प्रत्यक्षात चाचण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे आकडा कमी भरतो, पण नगण्य होत नाही. म्हणून एकटा कमी स्कोअर बघून घाबरू नका. स्मृतीच्याच दोन-तीन चाचण्या सोबत घसरल्यात का, ते बघा.

सेकंदात मोजायच्या चाचण्यांत चिन्ह उलटवायला विसरू नका. तिथं जास्त वेळ म्हणजे वाईट कामगिरी, आणि झेड अधिक 1.25 आला तर तो उणे 1.25 म्हणून लिहायचा.

या आजोबांच्या बाबतीत मी मुलीला आधी विचारेन: गोळ्या स्वतः घेतात का, लोकलनं एकटे जाऊन परत येतात का? दोन्ही नीट असेल, तर वर्षानं पुन्हा चाचणी, पण शब्दांची यादी वेगळी.