मावशीचा कुकर आणि दुसऱ्याची शिट्टी

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्या गॅसवर आत्ता कुकर चढलेला असेल, तर जरा कान तिकडे द्या. तो किती वेळानं शिट्टी मारतोय? आणि शिट्टीच्या मधल्या वेळात झाकणाच्या कडेनं फुस्स असा आवाज येतोय का? आजचं बोलणं या दोन आवाजांबद्दलच आहे. पहिला आवाज नळीतून येतो, दुसरा कडेतून. आपण दोन्हींसाठी एकच औषध करतो. बाजारात जातो आणि रबर आणतो. तिथंच चुकतं.

आपल्या बेळगावला उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांच्या थोडं आधीच उकळतं, 97-98 अंशांवर, कारण आपण समुद्रापासून सुमारे अडीच हजार फूट उंच राहतो. कुकरात ते 120 अंशांच्या आसपास जातं, म्हणून तूरडाळ मऊ होते. हे वीस-बावीस अंश आपल्याला मिळतात ते नळीवर बसलेल्या त्या वजनामुळे, ज्याला आपण शिट्टी म्हणतो. आतली वाफ साधारण दर चौरस सेंटिमीटरला एक किलो एवढा जोर लावते, तेव्हा ते वजन उचललं जातं. वजन हलकं असेल तर ते आधीच उचललं जाणार. शिट्ट्या भराभर होणार, पण आत हवी तेवढी उष्णता नसणार. परत सांगते, शिट्ट्या भराभर, उष्णता कमी. आणि कडेनं वाफ जात असेल तर मुळात जोरच धरला जात नाही.

आता आमच्या येळ्ळूरच्या मावशीची गोष्ट सांगते. ही मी इतक्या जणांना सांगितलीय की घरचे मी तोंड उघडलं की उठून जातात. तुम्ही बसा.

गणपती दोन दिवसांवर आले होते. सकाळी सकाळी मावशीचा फोन. "अगं, कुकर नुसत्या शिट्ट्या मारूलालाय बघ! पाच झाल्या, सहा झाल्या, डाळ मात्र दगडासारखी. आणि बाजूनं वाफ जाऊलालीया." मी विचारलं, रबर बदललंस का? तर म्हणाली, दोनदा! एक गावच्या बाजारातून आणलं, एक बेळगावातून कुणाकडून तरी मागवलं. दुसरं थोडं मोठं निघालं, झाकणात एके ठिकाणी फुगून वर येत होतं. तरीही वाफ जातेच, म्हणून तिनं काय केलं असेल? झाकणाच्या कडेला कणकेचा लेप लावला! बिर्याणीच्या हंड्याला लावतात तसा. ती कणीक भाजून कडक झाली आणि झाकण उघडेना. मग गॅस मोठा केला, कारण जोर धरत नाही. गॅस मोठा केल्यावर शिट्ट्या आणखी वाढल्या. श्रोतेहो, कणीक लावून कुकर बंद करायचा नाही. वाफेला हक्काच्या वाटा आहेत, त्या तिला मोकळ्या राहू द्या.

मी गेले, कुकर, झाकण, शिट्टी, तिन्ही रबरं असं सगळं पिशवीत घातलं आणि बसनं परत आले. येताना तिनं किलोभर बासमती दिला. जाता जाता एक सांगते, येळ्ळूरचा बासमती कुकरात शिजवणाऱ्यांशी माझं जमत नाही. तो पातेल्यातच करावा, झाकण अर्धवट ठेवून, म्हणजे वास घरभर जातो. असो.

रविवार पेठेच्या बाजूला एका बोळात एक कुकर दुरुस्तीवाले अण्णा बसतात. मी पिशवी रिकामी करून त्यांच्यापुढं तिन्ही रबरं मांडली आणि म्हटलं, यातलं कुठलं बरोबर ते सांगा. त्यांनी रबराकडं पाहिलंच नाही. म्हणाले, "अक्का, शिट्टी दाखवा." हातात घेतली, तळव्यावर दोनदा उडवली, मग आपल्याकडची त्याच जातीच्या पाच लिटरच्या कुकरची शिट्टी माझ्या दुसऱ्या हातात ठेवली. मला हातालाच कळलं, मावशीची हलकी होती. नळीवर ठेवली तर खाली पूर्ण बसेना, डुलत होती. अण्णा म्हणाले, "ही शिट्टी तुमची नव्हं."

आमची नाही म्हणजे? लगेच मावशीला फोन लावला. ती आधी रागावली. मग गप्प झाली. मग म्हणाली, "शेजारच्या बारशाला कुकर नेला होता बघ." चार घरचे चार कुकर, मागच्या दारी एकाच घमेल्यात शिट्ट्या धुतल्या आणि ज्याच्या हाताला जी लागली ती त्यानं बसवली. म्हणजे गल्लीत आणखी कुणाकडं तरी मावशीची जड शिट्टी बसली होती, आणि ते लोक म्हणत असतील की आमचा कुकर शिट्टीच मारत नाही! तो प्रकार तर जास्त वाईट, कारण वजन जड म्हणजे आत जोर नको तेवढा चढणार. गणपतीचा नैवेद्य राहिला बाजूला, मावशी आधी त्या तीन घरी जाऊन शिट्ट्या तपासून आली.

पण गोष्ट इथं संपत नाही. शिट्टीचा उलगडा झाला, कडेच्या वाफेचं काय? अण्णांनी मावशीचं मूळ रबर दोन बोटांत ताणलं, सोडलं, ते परत जागेवर आलं. वाकवून पाहिलं, कुठं चीर नाही. "रबर चलो ऐती," म्हणाले, म्हणजे रबर चांगलं आहे. मग भांड्याच्या कडेवरून बोट फिरवत नेलं. सावकाश. एका जागी बोट थांबलं. माझं बोट धरून तिथं ठेवलं. बारीक बारीक खड्डे लागले, दोन बोटं रुंदीच्या जागेत पाच-सहा. मग त्यांनी काचेच्या तुकड्यावर मोबाइलचा टॉर्च लावून ठेवला, त्यावर कुकरचं भांडं पालथं घातलं आणि दुकानातला दिवा बंद केला. नोड्री अक्का, म्हणाले. सगळीकडं अंधार आणि त्या एकाच जागेतून उजेडाची रेघ बाहेर येत होती. जिथून उजेड येतो तिथून वाफ का येणार नाही?

मग त्यांनी विचारलेला प्रश्न मी कधी विसरणार नाही. "घरात डाव कुठं आपटता?"

मला काय माहीत! परत मावशीला फोन. मावशी म्हणाली, "कुठं म्हणजे? कुकरवर!" डाळ ढवळायची, डावाला चिकटलेली डाळ झाडायला डाव कडेवर ठाण ठाण दोनदा आपटायचा. डाव्या हातात मूठ, उजव्या हातात डाव, त्यामुळे रोज एकाच जागी. जाड लोखंडी डाव, आणि खाली ॲल्युमिनियमची मऊ कड. वीस वर्षं. चेंबलेली जागा बरोबर उजव्या हाताला होती, आणि मावशी वाफ जाते म्हणत होती तीही तिथंच.

अण्णांनी लाकडी हातोडीनं कड आतून टेकू देऊन हलक्या हातानं सरळ केली. मग काचेवर बारीक पॉलिशपेपर ठेवून भांडं पालथं घालून गोल गोल फिरवलं, परत उजेड लावून पाहिला. रेघ गेली. खड्डे खोल असते किंवा कडेला तडा असता तर आपण हात लावला नसता, भांडं मोडीत घाला म्हणून सांगितलं असतं, असंही म्हणाले. हे घरी हातोडी घेऊन करू नका. एक ठोका जास्त पडला की कड कायमची गेली.

बघा, वेळ बराच गेला. आता तुमच्या कुकरचं थोडक्यात सांगते, पण दोनदा सांगते.

कडेनं वाफ जात असेल तर आधी नळी बघा. शिट्टी काढून झाकण उजेडाकडं धरा, नळीतून आरपार दिसलं पाहिजे. डाळीचा फेस नळीत वाळून बसला तर वाफ दुसरीकडून वाट काढते, आणि आपण रबराला दोष देतो. म्हणून डाळ-भाताला भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही, आणि डाळीत तेलाचे चार थेंब घालायचे. नळी मोकळी असेल तर रबर आणि रबराची खाच धुऊन पुसा. भाताचं एक शीत खाचेत अडकलं तरी पुरतं.

मग ही परीक्षा करा. वाफ जाते त्या जागेवर, झाकणावर आणि रबरावर, पेनानं खूण करा. गार झाल्यावर रबर काढून अर्धा फेरा फिरवून बसवा. परत कुकर लावा, आत नुसतं दोन पेले पाणी. वाफेची जागा रबरावरच्या खुणेबरोबर सरकली तर रबर खराब. वाफ झाकणावरच्या खुणेपाशीच राहिली तर रबर निर्दोष, भांड्याची किंवा झाकणाची कड बघा. परत सांगते. जागा सरकली तर रबर, जागा राहिली तर कड. ही परीक्षा बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरची आहे. आत जाणाऱ्या लांबट झाकणाचं भांडं काचेवरही सपाट बसत नाही, ते दुरुस्तीवाल्याकडंच न्या.

रबर घ्यायला जाताना झाकण बरोबर न्या. पाच लिटरचं रबर द्या म्हटलं की न बघता हातात ठेवणारे दुकानदार मला आवडत नाहीत. दोन कंपन्यांच्या पाच लिटरचं माप एक नसतं. रबर फ्रिजरमध्ये ठेवायची युक्ती मोबाइलवर फिरते. ती दोन-चार वेळा चालते, रबर सैल झालेलं असतं ते सैलच राहतं.

आणि शिट्ट्या जास्त होत असतील, शिट्टी तुमचीच असेल, नळीवर नीट बसत असेल, तर उरतो गॅस. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि घड्याळ बघा. तूरडाळीला तिथून आठ-दहा मिनिटं. पाककृतीत "चार शिट्ट्या" लिहिणाऱ्यांना मी विचारणार आहे, कुणाच्या शिट्ट्या? शिट्टीवर बत्ता किंवा काही वजन ठेवू नका. झाकणावरचा सेफ्टी वॉल्व्ह उडाला तर त्याच कंपनीचा नवा बसवा, तिथं बोल्ट आवळून देणाऱ्याकडं परत जाऊ नका.

मावशीकडं गौरीच्या जेवणाला त्याच कुकरात वरण झालं, त्याच जुन्या रबरावर. मी स्वयंपाकघरात उभी राहून पाहत होते. तिनं डाळ घोटली, डाव वर उचलला, सवयीनं कडेकडं नेला, माझ्याकडं पाहिलं आणि डाव्या तळहातावर आपटला. चांगलीच भाजली.