रविवारी सोनं कुठे पडलं?

नमस्कार श्रोतेहो. चवथ झाली की गोव्यात घरोघरी लग्नाची बोलणी सुरू होतात, आणि त्याच सुमाराला मोबाइलवर सोन्याच्या दराचे निरोप यायला लागतात. सांखळीच्या एका वहिनींना रविवारी सकाळी असाच एक निरोप आला: ‘गोव्यात सोनं कोसळलं! आजचाच भाव, लिंक उघडा.’ लेकीच्या मंगळसूत्रासाठी पैसे जमवणाऱ्या बाईला हे वाचून धीर कसा धरवणार? म्हणून आज या एकाच निरोपाची तपासणी आपण मिळून करू.

पहिली गोष्ट म्हणजे वार. आपल्याकडे सराफ ज्या दराकडे बघतात, तो इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा, म्हणजे ‘इब्जा’चा. तो कामाच्या दिवशी दोनदा जाहीर होतो आणि ibjarates.com या त्यांच्या संकेतस्थळावर दिसतो. सरकारी सुवर्ण रोख्यांची किंमत ठरवतानाही रिझर्व्ह बँकेने याच दरांची सरासरी धरली आहे. शनिवारी-रविवारी हा दर निघत नाही. वायदे बाजारही, एखादा खास दिवस सोडला तर, बंद असतो. मग रविवारी सकाळी सोनं पडलं कुठे? शुक्रवारचा दर दाखवून ‘शुक्रवारचा’ असं लिहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. इथे मात्र ‘आजचाच भाव’ असं लिहिलं होतं.

दुसरी गोष्ट गुणोत्तराची. लिंक उघडल्यावर जे पान आलं, त्यावर दोन आकडे होते. हिशोबाला सोपे पडावेत म्हणून मी ते गोल करून सांगते. दहा ग्रॅमला चोवीस कॅरेट १,००,००० रुपये आणि बावीस कॅरेट ७५,००० रुपये. आता बावीस कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. चोवीसचा दर एक लाख असेल, तर बावीसचा साधारण ९१,६०० यायला हवा. पंचाहत्तर हजार हा बरोबर अठरा कॅरेटचा भाव झाला, कारण त्यात हजारात ७५० भाग सोनं असतं. अठराचा आकडा बावीसच्या नावाखाली घातला होता. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरने हा भागाकार अर्ध्या मिनिटात होतो, आणि माझ्या मते ही सगळ्यांत भरवशाची परीक्षा आहे.

तिसरी गोष्ट गावाच्या नावाची. त्या पानावर ‘पणजीचा दर’ असा मथळा होता. तिथेच दुसरं गाव निवडलं, तर आकडा तोच, फक्त नाव बदललेलं. दर कोणाकडून घेतला, किती वाजता घेतला, जीएसटी धरून की सोडून, याचा पानावर कुठेच पत्ता नव्हता. ज्या दराला उगम नाही, त्यावर खरेदी ठरवू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता याची दुसरी बाजू. इब्जाचा दर बघून तुम्ही दुकानात गेलात आणि शेटनी जास्त रक्कम सांगितली, तर लगेच फसवलं म्हणू नका. त्या दरात घडणावळ आणि जीएसटी नसतो. ९१,६०० वर दहा टक्के घडणावळ धरली तर १,००,७६० होतात, आणि त्यावर तीन टक्के जीएसटी लावला की साधारण १,०३,७८० रुपये. दुकानाचा स्वतःचा दरही थोडा वर-खाली असतो. म्हणून तिथे विचारायचं ते एवढंच: ‘शेट, हा दर कितव्या कॅरेटचा? घडणावळ किती? जीएसटी यात आहे की वेगळा?’

भाकितांचंही थोडं सांगते. ‘अमुक बँक म्हणते, सोनं इतक्यावर जाणार’ अशी पोस्ट दिसली की त्यात मुदत आणि एकक शोधा. परदेशी संस्थांचा अंदाज बहुधा डॉलरमध्ये, एका औंसाला, म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅमला असतो, आणि तो वर्षअखेरचा किंवा पुढच्या वर्षाचा असतो. पोस्ट करणारा मुदत कापून टाकतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, पुढच्या आठवड्यातच. शिवाय त्या खात्यावर जरा मागे जाऊन बघा. वाढणार आणि पडणार, दोन्ही भाकितं तिथे असतील, तर जे खरं ठरलं तेच पुन्हा पुन्हा मिरवलेलं दिसेल.

वहिनींच्या लिंकवर शेवटी ‘या भावाने बुक करण्यासाठी आगाऊ रक्कम भरा’ असं होतं. असं आलं की पैसे भरू नका. ऑनलाइन ‘डिजिटल गोल्ड’ सेबीच्या नियमनाखाली येत नाही, असा इशारा खुद्द सेबीनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे. आणि पैसे गेलेच असतील, तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा क्रमांक, लिंक आणि निरोपाचा फोटो हाताशी ठेवा. निरोप पुसून टाकू नका.