पंचवीस डिग्रीत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ कसा काय?

बाहेर २५ डिग्री, हवा दमट, आकाश मोकळं, आणि छोट्या विमानाच्या इंजिनात बर्फ होतोय म्हटलं तर नवीन पायलट हसतात. पण बर्फ बाहेरच्या हवेत होतच नाही ना, तो होतो हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या घशात, आणि तिथलं तापमान वेगळंच असतं.

हवा त्या घशाच्या अरुंद भागातून, म्हणजे व्हेंच्युरीतून, वेगाने जाते, दाब पडतो, थोडी थंड होते. पण खरी करामत पेट्रोलची. हातावर स्पिरिट घेतलं की गार लागतं ना, तसंच पेट्रोल बाष्प होताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, आणि दोन्ही मिळून तापमान २५-३० डिग्रीने सुद्धा खाली येऊ शकतं, म्हणजे आपले २५ गेले शून्यावर किंवा त्याच्याही खाली.

आता दमटपणा का महत्त्वाचा ते बघा. २५ डिग्रीच्या हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटरमध्ये साधारण १५ ग्रॅम पाणी असतं, शून्य डिग्रीला तीच हवा जेमतेम ५ ग्रॅम धरू शकते. मग उरलेलं जाणार कुठे? त्यातलं काही थ्रॉटलच्या बटरफ्लायवर, म्हणजे हवा कमी-जास्त करणाऱ्या चपट्या झडपेवर, आणि भिंतींवर गोठतं. उलट उणे १० डिग्रीच्या हवेत पाणीच इतकं कमी असतं की कडाक्याच्या थंडीत हा त्रास कमी होतो, उलटंच वाटतं ऐकायला!

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे खाली उतरताना. थ्रॉटल जवळजवळ बंद, बटरफ्लायच्या कडेला फट अगदी बारीक, थोडा बर्फ झाला तरी रस्ता बंद, आणि इंजिन आधीच हळू चालत असल्यामुळे कळतही नाही.

क्रूझमध्ये, म्हणजे एकाच उंचीवर सरळ उडताना, मात्र कळतं. समजा फिक्स्ड पिचचा, म्हणजे पात्यांचा कोन न बदलणारा पंखा आहे, आरपीएम २४०० वरून हळूहळू २३०० झाले, तुम्ही काही हलवलेलं नाही. बरेच जण थ्रॉटल पुढे सारतात आणि विसरून जातात, इथेच घोटाळा होतो. कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा खटका, पूर्ण ओढायची, अर्धवट नाही. एक्झॉस्टभोवती तापलेली हवा आत येते, ती विरळ म्हणून आरपीएम आणखी पडतात, समजा २२००. बर्फ नसेल तर तिथेच राहतात. बर्फ असेल तर वितळलेलं पाणी सिलिंडरमध्ये जातं, इंजिन खडखडतं, आणि नेमकं त्याच क्षणी लोक घाबरून हीट बंद करतात. नका करू हो! थोडं थांबलं की आरपीएम आपोआप वर चढतात, आणि मग हीट बंद केली की पुन्हा २४००.

अजून एक, इंजिन पूर्ण बंद पडलं की एक्झॉस्ट गार व्हायला लागतो, मग हीट ओढून फारसा उपयोग नाही. आणि जमिनीवर उतरून कार्ब्युरेटर उघडेपर्यंत बर्फ वितळलेला असतो, त्यामुळे मेकॅनिकला आत काहीच सापडत नाही.