ड्रॉवरमध्ये उरलेली गोळी

वॉर्डातल्या कपाटात फ्युरोसेमाइडच्या ४० मिलिग्रॅमच्या गोळ्या आहेत आणि त्या दहा पेशंटना चालू आहेत, असं धरा. संध्याकाळी एक गोळी जास्त उरली, तर कोणाचा डोस चुकला हे सांगता येईल का? मुळात एक जास्त आहे हेच कोणाला कळत नाही. सगळ्यांसाठी एकत्र साठा ठेवायच्या या वॉर्ड स्टॉक पद्धतीत हिशेब इंडेंटचा, म्हणजे फार्मसीकडे पाठवलेल्या मागणीचा असतो, पेशंटचा नसतो.

युनिट डोस पद्धतीत प्रत्येक पेशंटचा एकेक डोस वेगळ्या पाकिटात येतो. त्यात फार्मासिस्ट आधी डॉक्टरांची ऑर्डर तपासतो आणि मग प्रत्येक पेशंटच्या ड्रॉवरमध्ये २४ तासांपुरतेच डोस ठेवतो. सकाळी ८ आणि दुपारी ४ अशी ऑर्डर असेल, तर दोन पाकिटं. नाव, मात्रा, बॅच आणि मुदत प्रत्येकावर. सिस्टरांनी पाकीट पेशंटजवळच फोडायचं. टेबलावर फोडून वाटीत काढलं, की लेबल गेलं आणि सगळी मेहनतही.

दुसऱ्या दिवशी ड्रॉवर बदलताना एक पाकीट उरलेलं दिसलं, पण चार्टवर मात्र दोन्ही सह्या आहेत. आता विचारता येतं: रक्तदाब कमी म्हणून डोस थांबवला, पेशंट तपासणीला गेला होता, की सही आधीच झाली? माझ्या मते या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. पण त्याच वॉर्डात फ्युरोसेमाइडची जुनी बाटलीही राहिली असेल, तर उत्तर मिळत नाही. गोळी बाटलीतून दिली असेल. दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालवणं ही सर्रास होणारी चूक आहे.

तरी कपाट पूर्ण रिकामं करता येत नाही. रात्री दोनला सुरू झालेल्या औषधाचा पहिला डोस कुठून आणायचा? त्यासाठी मोजकी, सीलबंद रात्रपेटी ठेवा, आणि ती उघडल्याची नोंद सकाळी फार्मसीकडे जाऊ द्या. आपत्कालीन ट्रॉली आणि सलाइन वॉर्डातच राहतील. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलिलिटरची अँप्यूल मात्र साध्या वॉर्डात नको. दिसायला ती डिस्टिल्ड वॉटरसारखी असते, आणि विरळ न करता शिरेतून एकदम दिली तर हृदय थांबतं.

आपल्याकडची खरी अडचण कात्रीची आहे. बऱ्याच स्ट्रिपवर बॅच आणि मुदत एकाच टोकाला असते. दोन गोळ्या कापल्या की तुकडा निनावी होतो, आणि कंपनीने बॅच परत मागवली तर तो शोधणार कसा? म्हणून कापलेल्या प्रत्येक तुकड्याला फार्मसीतच लेबल लावा. गोळी मूळ वेष्टनातून काढून पाकिटात भरलीत, तर स्ट्रिपवरची मुदत तशीच उतरवू नका. वेष्टन बदललं की ती कमी धरावी लागते. फ्युरोसेमाइड उजेडात खराब होतं, त्यामुळे पाकीट पारदर्शक चालणार नाही.