रजेच्या अर्जातला मराठी रकाना

मंडळी, आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत ‘द्विभाषिक नमुन्यातील रजा व दिनांक’ असा छापला आहे. समोर बसलेले बहुतेक जण आस्थापना शाखेतले आहेत. त्यामुळे महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ म्हणजे काय, सेवापुस्तकातले रजेचे खाते कसे ठेवतात, हे सांगत बसत नाही. मला एकच गोष्ट मांडायची आहे. दोन भाषांत छापलेल्या अर्जातला मराठी शब्द शेजारच्या इंग्रजी शब्दाकडे बघून निवडू नये, तो खात्याकडे बघून निवडावा. अर्ज मंजूर झाल्यावर लिपिक कोणत्या खात्यातून किती दिवस वजा करणार, हे त्या शब्दावरून कळले पाहिजे. कळत नसेल, तर शब्द कितीही शुद्ध असला तरी त्या जागी चुकीचाच.

यातला सर्वांत त्रासदायक रकाना ‘वैद्यकीय रजा’. इंग्रजीत ‘मेडिकल लीव्ह’ छापलेले असते, कोणीतरी त्याखाली ‘वैद्यकीय रजा’ लिहिते आणि काम झाले असे वाटते. आता सेवापुस्तक उघडा आणि ‘वैद्यकीय रजा’ नावाचे खाते शोधा. सापडायचे नाही. राज्य शासनाच्या नियमांत आजारपण हे रजेचे कारण आहे आणि वैद्यकीय प्रमाणपत्र हा त्याचा पुरावा आहे. प्रत्यक्ष रजा मंजूर होते ती अर्जित, अर्धवेतनी किंवा परिवर्तित यांपैकी एखाद्या नावाने. कारण आणि प्रकार एकाच चौकटीत कोंबले, की अर्जदार कारणावर खूण करतो आणि प्रकार ठरवायचे काम नकळत लिपिकावर येऊन पडते.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. एक कर्मचारी आजारी आहे. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात १० नोव्हेंबर २०२५ ते २१ नोव्हेंबर २०२५ विश्रांती लिहिली आहे. दहा तारखेला सोमवार, एकवीसला शुक्रवार. दोन्ही दिवस धरून बारा दिवस होतात. अर्जात त्याने ‘वैद्यकीय रजा’ या चौकोनात खूण केली. आता लिपिकापुढे तीन वाटा आहेत. अर्जित रजा धरली, तर अर्जित खात्यातून बारा दिवस गेले आणि पगार पूर्ण मिळाला. अर्धवेतनी धरली, तर अर्धवेतनी खात्यातून बारा दिवस गेले, पण त्या दिवसांचे वेतन निम्मे झाले. परिवर्तित धरली, तर पगार पूर्ण मिळेल, मात्र अर्धवेतनी खात्यातून बाराच्या दुप्पट म्हणजे चोवीस दिवस वजा होतील. अर्धवेतनी रजा १ जानेवारीला दहा आणि १ जुलैला दहा, म्हणजे वर्षाला वीस दिवस जमा होते. चोवीस दिवस म्हणजे वर्षभराच्या जमेपेक्षाही जास्त. एवढा मोठा निर्णय अर्जदाराच्या नावावर कोणीतरी दुसराच घेतो. का, तर छापताना ‘मेडिकल’चे ‘वैद्यकीय’ केले म्हणून.

म्हणून दोन चौकटी करा. पहिली ‘रजेचा प्रकार’. तिच्यात अर्जित, अर्धवेतनी, परिवर्तित, असाधारण, प्रसूती असे खात्यातले किंवा नियमातले नाव येईल. दुसरी ‘रजेचे कारण’. तिच्यात आजारपण लिहायचे आणि समोर ‘वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले आहे / नाही’ अशी खूण. परिवर्तित या शब्दापाशी अर्जदार थबकतोच. काय कशात परिवर्तित झाले, ते त्या शब्दातून कळत नाही. तरी शब्द बदलू नका. मंजुरीच्या आदेशात तोच येणार आहे आणि अर्जात एक, आदेशात दुसरा असे झाले की वर्षादोन वर्षांनी तपासणीत प्रश्न निघतो. शब्द तोच ठेवा आणि त्याखाली बारीक टाइपात लिहा: ‘पूर्ण वेतन, अर्धवेतनी खात्यातून दुप्पट दिवस वजा.’ एवढ्या ओळीने अर्जदाराला कळते की आपण कशावर सही करतो आहोत. हीच ओळ इंग्रजी नावाखालीही हवी. नाहीतर इंग्रजी वाचणाऱ्याने एका समजुतीने सही केलेली असते आणि मराठी वाचणाऱ्याने दुसऱ्या.

‘अर्ध’चाच आणखी एक घोटाळा आहे, त्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. नमुन्यात ‘अर्धी रजा’ असे छापलेले दिसते. ही अर्ध्या पगाराची रजा की अर्ध्या दिवसाची? अर्ध्या दिवसाची असेल तर ती नैमित्तिक रजेच्या हिशोबात जाते. अर्ध्या पगाराची असेल तर ती सेवापुस्तकातल्या खात्यावर पडते. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही. नैमित्तिक रजा तर या खात्यांच्या बाहेरच असते, तिची नोंद वेगळ्या नोंदवहीत होते आणि ती अर्जित किंवा अर्धवेतनी रजेला जोडूनही घेता येत नाही. तेव्हा ‘अर्धी’ हा शब्द नमुन्यातून काढूनच टाका. ‘अर्धवेतनी रजा’ आणि ‘अर्ध्या दिवसाची नैमित्तिक रजा’ अशी पूर्ण नावे छापा. जागा थोडी जास्त लागेल, लागू द्या.

नैमित्तिकच्या जागी ‘आकस्मिक रजा’ छापण्याची चाल हिंदी नमुन्यांवरून आली आहे. हिंदीत ते अधिकृत नाव आहे, तिथे ते ठीकच. मराठी वाचणाऱ्याला मात्र आकस्मिक म्हणजे अचानक उद्भवलेले असे वाटते. मग पुढच्या आठवड्यातल्या ठरलेल्या कामासाठी ही रजा मागता येईल का, अशी शंका तो विचारतो. ‘जन्मतिथी’ही त्याच वाटेने येते. मराठीत तिथी पंचांगाची, अर्जात हवी जन्मतारीख किंवा जन्मदिनांक. ‘अवकाश’ हाही तसाच. मराठीत अवकाश म्हणजे मोकळी जागा किंवा सवड, रजेसाठी आपल्याकडे रजाच आहे.

एक शब्द छापताना जपा. ‘अनर्जित’. अजून खात्यात न आलेली अर्धवेतनी रजा आगाऊ दिली, तर ती अनर्जित, आणि पुढे जमा होणाऱ्या रजेतून ती फेडून घेतली जाते. टाइप करताना मधला ‘न’ गळला की ‘अर्जित’ उरते. शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीला त्यात काहीच चूक दिसत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. यादीत हे दोन प्रकार एकाखाली एक ठेवू नका. मध्ये दुसरा प्रकार घाला आणि प्रत्येकाला क्रमांक द्या. इंग्रजी यादीतही तोच क्रमांक असू द्या आणि खूण करायचा चौकोन दोन्ही भाषांना मिळून एकच ठेवा. वेगवेगळे चौकोन दिले, की मराठीत एका आणि इंग्रजीत दुसऱ्या प्रकारावर खूण झालेला अर्ज येतो आणि कोणता खरा मानायचा, हे कोणालाच सांगता येत नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि तारखांना अजून हातच लावलेला नाही. लवकर सांगतो.

आपला तोच कर्मचारी घेऊ. त्याच्या कार्यालयाला शनिवार-रविवार सुट्टी आहे. तो शुक्रवारी, ७ नोव्हेंबरला कामावर होता. ८ आणि ९ ला शनिवार-रविवार आले. रजा १० ते २१. पुन्हा २२ आणि २३ ला शनिवार-रविवार. २४ ला, सोमवारी, तो हजर होईल. आता ‘कधीपासून कधीपर्यंत’ या दोन रिकाम्या जागा त्याने कशा भरायच्या? कार्यालयाबाहेर तो ८ ते २३ असा सोळा दिवस आहे. रजा मात्र १० ते २१, बारा दिवसांची. मधले १५ आणि १६, शनिवार-रविवार असले तरी, परिवर्तित रजेत मोजले जातात, नैमित्तिक रजा असती तर ते वगळले गेले असते. ‘पर्यंत’ पुढे कोणी २१ लिहील, कोणी २३, आणि ‘चोवीसला येणार’ या हिशोबाने कोणी २४ही लिहील. तिघांनीही रकाना नीटच वाचलेला असतो.

म्हणून रकाने असे करा: ‘रजेचा पहिला दिवस’, ‘रजेचा शेवटचा दिवस’, ‘एकूण दिवस (दोन्ही दिवस धरून)’. त्यानंतर ‘रजेआधी जोडलेल्या सुट्ट्या’ आणि ‘रजेनंतर जोडलेल्या सुट्ट्या’. पुष्कळ नमुन्यांत इथे ‘मागे व पुढे जोडलेल्या सुट्ट्या’ असते. ‘पुढे’ म्हणजे रजेच्या आधी समोर जोडलेली की नंतरच्या दिवसांतली? दोन्ही अर्थ लागतात. ‘आधी’ आणि ‘नंतर’ म्हटले की प्रश्न उरत नाही. आणि सुट्टीला रजा म्हणू नका, रजेला सुट्टी म्हणू नका. सुट्टी सगळ्या कार्यालयाला असते, रजा एकट्याला मंजूर होते. या दोन रकान्यांत ती सरमिसळ झाली तर बाराचे सोळा झालेच म्हणून समजा.

‘रुजू दिनांक’ एकटा छापू नका. ‘सेवेत प्रथम रुजू झाल्याचा दिनांक’ वेगळा, ‘रजेवरून रुजू होण्याचा दिनांक’ वेगळा. आपल्या उदाहरणात हा दुसरा २४ नोव्हेंबर, मध्यान्हपूर्व. हे ‘म.पू.’ आणि ‘म.नं.’ रुजू अहवालात चालतात, कारण तिथे हजेरीच सांगायची असते. अर्ध्या दिवसाच्या रजेच्या अर्जात नुसते ‘म.पू.’ लिहिले, तर माणूस सकाळी होता की सकाळी नव्हता, हे समजत नाही. तिथे ‘सकाळी अनुपस्थित’, ‘दुपारनंतर अनुपस्थित’ असे सरळ लिहा.

‘शिल्लक रजा’ यापुढे ‘या अर्जापूर्वी’ हे शब्द घाला. नाहीतर कोणी चोवीस वजा करून लिहितो, कोणी न करता, आणि लिपिक पुन्हा एकदा वजा करतो.

शेवटचे, अंकांबद्दल. अर्ज दोन लिप्यांत छापलेला असतो आणि लोक हाताला येतील ते अंक लिहितात. हाताने लिहिलेला देवनागरी एक घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि देवनागरी चार इंग्रजी आठसारखा. त्यामुळे १४ ला घेतलेली रजा १८ ची म्हणून नोंदली जाऊ शकते, आणि १८ ही तारीखही खरीच असल्यामुळे कोणाला संशय येत नाही. महिना अंकात न मागता अक्षरात मागा आणि तारखेशेजारी ‘वार’ अशी छोटी चौकट ठेवा. १४ नोव्हेंबर २०२५ ला शुक्रवार होता, १८ ला मंगळवार. वार आणि तारीख जुळले नाहीत, की अर्ज घेतानाच चूक पकडता येते.